भिंतीवरचे बेसिन आणि भिंतीच्या पोटातील आधार

भिंतीवर टांगलेले वॉश बेसिन आता लहान गावांतील घरांतही दिसू लागले आहे. खाली खांब नाही, बाजूला लोखंडी ब्रॅकेट दिसत नाही, फरशी पुसायला जागा मोकळी राहते आणि चिनी मातीचे ते भांडे जणू भिंतीतूनच उगवल्यासारखे वाटते. ही किमया लपविलेल्या अर्थात कन्सील्ड ब्रॅकेटची असते. मात्र जे दिसत नाही ते तपासलेही जात नाही. बेसिन बसविणारा प्लंबर दोन तासांत काम आटोपून निघून जातो. बेसिन कशावर उभे आहे, हा प्रश्न त्यानंतर बहुधा एकदाच विचारला जातो आणि तो बेसिन भिंतीतून निखळल्यावर. तुटलेल्या चिनी मातीची कड सुरीसारखी धारदार असते. बेसिनला लोंबकळणारे मूल किंवा सकाळी कडेवर हात टेकून वाकलेले आजोबा त्या वेळी समोर असतील, तर जखम खोल होते.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावात हा प्रश्न अधिकच अवघड होतो. मराठवाड्यातील अशा गावांत एकाच घरात तीन पिढ्यांचे बांधकाम आढळते. मूळ घर दगड आणि पांढऱ्या मातीचे, वर माळवद. पुढे त्याला जोडलेली पक्क्या विटांची खोली. अलीकडचे न्हाणीघर सिमेंटच्या किंवा हलक्या ब्लॉकचे. या तिन्ही भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स चढल्या, की त्या बाहेरून सारख्याच दिसतात. आतून मात्र त्या तीन वेगळ्या भिंती असतात, आणि बेसिनचे भवितव्य त्या आतल्या भागावर ठरते. पुणे-मुंबईत स्थायिक झालेली मंडळी गावचे घर सणासुदीसाठी नीटनेटके करून घेतात, तेव्हा शहरातील फ्लॅटमध्ये चाललेली पद्धत तशीच गावी वापरली जाते. चूक नेमकी तेथेच होते.

भार खाली नसतो, बाहेर असतो

बेसिनचे वजन किती, असे विचारले तर उत्तर फारसे भीतिदायक नसते. ५५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर पुढे येणारे चिनी मातीचे बेसिन साधारणपणे १२ किलोच्या आसपास भरते. एवढे वजन चार स्क्रू सहज पेलतील असे कोणालाही वाटेल. परंतु बेसिन हे भिंतीवर टांगलेले चित्र नव्हे. त्याचा भार भिंतीपासून दूर, पुढच्या कडेवर येतो. पहारीचे टोक धोंड्याखाली घालून दुसरे टोक दाबावे, तसा प्रकार येथे घडतो. येथे बेसिन ही पहार आणि भिंतीतील बोल्ट म्हणजे तो धोंडा.

हिशेब करून पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. ७५ किलो वजनाची व्यक्ती तोल जाऊन पूर्ण भाराने बेसिनच्या पुढच्या कडेवर टेकली असे समजू. हा भार भिंतीपासून सुमारे ३८ सेंटिमीटरवर येतो. ७५ गुणिले ३८ म्हणजे २८५०. बेसिनचे स्वतःचे १२ किलो वजन सरासरी २० सेंटिमीटरवर धरले, तर आणखी २४०. एकूण ३०९० किलो-सेंटिमीटर एवढी उलथविणारी शक्ती तयार होते. ब्रॅकेटची खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात. वरचा बोल्ट आणि खालची कड यांत १२ सेंटिमीटर अंतर असेल, तर ३०९० भागिले १२ म्हणजे सुमारे २५७ किलोची ओढ वरच्या दोन बोल्टांवर येते. प्रत्येकी जवळजवळ १३० किलो.

म्हणजे प्रत्यक्षात सारे बेसिन वरच्या दोन बोल्टांवर टांगलेले असते. खालचे दोन बोल्ट ब्रॅकेट जागेवर धरून ठेवतात, इतकेच. याच हिशेबातून खरेदीच्या वेळी उपयोगी पडणारी एक गोष्ट कळते. ब्रॅकेटची मागची पट्टी १२ ऐवजी २४ सेंटिमीटर अंतर देणारी असेल, तर ओढ थेट निम्म्यावर येते. जाड बोल्टपेक्षा उंच पट्टी अधिक कामाची असते.

युरोपातील बेसिनविषयक मानकात भिंतीवरील चिनी मातीच्या बेसिनने १५० किलोच्या आसपासचा भार एक तास सोसावा, अशी अट आहे. चांगल्या कंपनीचे बेसिन तेवढे सोसते. पण ही चाचणी बेसिनची असते, तीर्थपुरीतील भिंतीची नव्हे. कारखान्यात ते बेसिन अचल आधारावर बसविलेले असते.

लपविलेले ब्रॅकेट म्हणजे काय

जुन्या पद्धतीत बिडाचे दोन ब्रॅकेट भिंतीत गाडून त्यावर बेसिन नुसते ठेवले जाई. ब्रॅकेटची शेपटी भिंतीत चार-पाच इंच आत जाई आणि तिच्याभोवती सिमेंट-काँक्रीट ठासले जाई. दिसायला ओबडधोबड असली तरी ती पद्धत भिंतीच्या आत खोलवर पोहोचत असे.

लपविलेल्या ब्रॅकेटमध्ये पोलादी पट्टी भिंतीला बोल्टने आवळतात. तिच्यातून निघालेले दोन हात बेसिनच्या खालच्या बाजूच्या पोकळ खाचांत शिरतात. हातांच्या टोकाशी लहान स्क्रू असतात. त्यांनी बेसिन समपातळीत आणता येते आणि नंतर ते उचलले जाऊ नये म्हणून अडकवता येते. काही बेसिनांना हात नसतात. त्यांच्या मागच्या भिंतीतील दोन छिद्रांतून बोल्ट थेट घरच्या भिंतीत जातात. दोन्ही प्रकारांत शेपटी गाडण्याचा प्रश्न नसतो. सर्व मदार बोल्टच्या शेवटच्या दोन-तीन इंचांवर असते, आणि ते इंच नेमके कशात रुतले आहेत, हाच या कामातला कळीचा प्रश्न होय.

येथे टाइल आणि गिलाव्याचा हिशेब वेगळा काढावा लागतो. टाइल, तिच्या मागचा मसाला आणि गिलावा मिळून सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर जाडी सहज होते. या थराला बेसिन धरून ठेवण्याची ताकद नसते. ८ सेंटिमीटर लांबीच्या बोल्टचे ४ सेंटिमीटर त्यातच संपले, तर विटेत उरतात अवघे ४. म्हणून बोल्टची लांबी मोजायची ती टाइलच्या पृष्ठभागापासून नव्हे, तर गिलावा संपून पक्के बांधकाम सुरू होते तेथून. पक्क्या बांधकामात किमान ७ ते ८ सेंटिमीटर शिरकाव हवा.

भिंतीची चौकशी

बेसिनची जागा ठरल्यावर पहिले काम भिंतीची चौकशी करण्याचे. बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने टाइलवर ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज कोठे येतो ते समजते. मात्र हा आवाज अनेकदा टाइलमागच्या पोकळीचा असतो, भिंतीचा नव्हे. म्हणून ठोकून पाहणे ही केवळ सुरुवात. खरी माहिती देते ते चाचणीचे छिद्र.

हे छिद्र बेसिनच्या मागे झाकले जाईल अशा जागी घ्यावे. त्याआधी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी नळ आणि वीजजोडणी कोठून गेली आहे ते पाहावे आणि मुख्य स्विच बंद करावा. ड्रिल बॅटरीवर चालणारे असल्यास उत्तम. नळाच्या सरळ वरची आणि खालची तसेच बटनांच्या बोर्डाच्या सरळ वरची-खालची पट्टी टाळावी. ६ मिलिमीटरच्या बिटने, प्रथम हातोड्याचा झटका बंद ठेवून, टाइल पार करावी. टाइल संपल्यावर दर सेंटिमीटरला थांबून बाहेर येणारी भुकटी कागदावर घ्यावी.

भुकटी बोलते. प्रथम करडी, वाळूमिश्रित भुकटी येते. तो गिलावा. त्यानंतर लाल किंवा नारिंगी भुकटी एकसारखी येऊ लागली आणि ड्रिलला सारखाच जोर लागत राहिला, तर पक्की वीट आहे. लाल भुकटी मध्येच करडी झाली, तर बिट विटांच्या सांध्यात शिरले आहे. छिद्र थोडे सरकवून विटेच्या मध्यभागी घेणे श्रेयस्कर. पांढुरकी, मऊ, पिठासारखी भुकटी येत असेल आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसे जात असेल, तर तो हलका सच्छिद्र ब्लॉक होय. काळसर, खरखरीत भुकटी अगदी थोडी येते, बिट तापते आणि पुढे सरकत नाही, तेव्हा समोर काळा पाषाण असतो. आणि बिट एकाएकी आत घुसले, त्याबरोबर पांढरट किंवा तांबूस माती बाहेर आली, तर भिंत दगड-मातीची आहे असे समजावे. काँक्रीटच्या खांबात बिट एकदम अडून धातूचा आवाज आला, तर आतली सळई लागली आहे. तेथे जोर न करता छिद्र दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्यावे.

शेवटी एक सरळ तार छिद्रात घालून खोली मोजावी. बिट अचानक मोकळे झाले असेल, तर पोकळी किती खोलीवर आहे ते तारेने कळते. अशी दोन छिद्रे, एक डाव्या आणि एक उजव्या वरच्या बोल्टजवळ, घेतली की बहुतेक शंका फिटतात.

दोन फुटी भिंत नेहमीच भक्कम नसते

तीर्थपुरीतील एखाद्या जुन्या घराचे उदाहरण घेऊ. मागच्या ओसरीत, जेवणाच्या जागेशेजारी, हात धुण्यासाठी बेसिन हवे आहे. समोर दोन फूट जाडीची भिंत आहे. तिला सिमेंटचा गिलावा असून चार फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावलेल्या आहेत. एवढी जाड भिंत पाहून घरच्यांना आणि प्लंबरला तिच्या ताकदीविषयी शंकाही येत नाही. चाचणीचे पहिले छिद्र घेतल्यावर गिलाव्याच्या मागे ५ सेंटिमीटर काळा दगड लागतो आणि पुढे बिट मातीत घुसते. दुसऱ्या छिद्रात तर गिलावा संपताच माती येते.

असे का होते, याचे उत्तर भिंतीच्या रचनेत आहे. अशी भिंत एकसंध नसते. बाहेरून एक आणि आतून एक अशा दगडांच्या दोन रांगा रचून मधली पोकळी लहान दगड आणि मातीने भरलेली असते. दोन्ही रांगा बांधून ठेवणारे आरपार लांब दगड क्वचितच घातलेले असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील अशाच जाड भिंती मधोमध फुटून दोन बाजूंना कोसळल्या होत्या. जाडी म्हणजे ताकद नव्हे, हा त्या दुर्घटनेने दिलेला धडा होता. बेसिनच्या बाबतीतही तोच लागू पडतो. बोल्ट दर्शनी दगडात पक्का बसला, तरी तो दगडच मातीत नुसता बसलेला असतो. १३० किलोची ओढ वारंवार येत राहिली, तर बोल्ट दगडातून निघत नाही, बोल्टसह दगड हलू लागतो.

अशा भिंतीत गवंडी बहुधा एक उपाय सुचवितात. दगड काढून वीतभर लांब-रुंद खड्डा करायचा आणि त्यात बोल्ट ठेवून काँक्रीट भरायचे. हा उपाय वरवर पटण्याजोगा वाटतो. परंतु वीस सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा काँक्रीटचा ठोकळा १९-२० किलोचा भरतो, आणि त्याच्याभोवती पुन्हा मातीच असते. शिवाय बेसिन म्हणजे पाणी. कडेवरून ओघळणारे किंवा सांध्यातून झिरपणारे थोडे थोडे पाणी गिलाव्यामागे पोहोचते. सिमेंटच्या गिलाव्यामुळे ते लवकर वाळत नाही आणि ठोकळ्याभोवतीची माती भिजून मऊ होते. वर्ष-दोन वर्षांनी बेसिन पुढे झुकू लागते ते याच कारणाने.

भार जमिनीवर घ्यावा

या घरासाठी दोन मार्ग खरे आहेत. पहिला सर्वांत सोपा आणि स्वस्त. बेसिनची जागा बदलणे. त्याच ओसरीला लागून नंतर बांधलेल्या खोलीची नऊ इंची विटांची भिंत तीन-चार पावलांवर असेल आणि सांडपाण्याचा उतार तेथून मिळत असेल, तर बेसिन तिकडे न्यावे. पाइप लांबविण्याचा खर्च भिंत दुरुस्त करण्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

जागा बदलणे शक्य नसेल, तर दुसरा मार्ग असा, की जुन्या भिंतीवर भार टाकायचाच नाही. भिंतीच्या पुढ्यात लोखंडी चौकट उभी करून सर्व भार जमिनीत न्यायचा आणि ती चौकट अर्ध्या विटेच्या बुटक्या भिंतीत लपवायची. बेसिन बाहेरून भिंतीवर टांगलेलेच दिसते.

यासाठी बेसिनखालची फरशी काढून भिंतीलगत ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ३० खोल असा खड्डा घ्यावा. जुन्या भिंतीचा पाया उघडा पडू लागला आणि त्याचा तळ दिसू लागला, तर तेथेच थांबावे. पायाच्या तळाखाली खणू नये. खड्ड्यात सळयांची जाळी ठेवून, तिला ५० बाय ५० बाय ५ मिलिमीटरचे दोन लोखंडी अँगल जोडून उभे करावेत. दोन्ही अँगलमधील अंतर ब्रॅकेटच्या बोल्टांच्या अंतराइतके ठेवावे आणि वरच्या व खालच्या बोल्टच्या उंचीवर एकेक आडवा अँगल जोडावा. त्यांतून १० मिलिमीटर जाडीचे आट्याचे बोल्ट पुढे काढून ठेवावेत. ओळंब्याने चौकट सरळ आहे याची खात्री करून काँक्रीट भरावे.

एवढ्या मापाच्या काँक्रीटचे वजन सुमारे २६० किलो होते. बेसिनवर टेकलेल्या माणसाचा भार या पायाच्या पुढच्या कडेच्या जेमतेम तीन-चार इंच पुढे पडतो, त्यामुळे तो पाया उलथविण्यास फार अपुरा ठरतो. पायाचे स्वतःचे वजन त्याच्या कित्येक पट प्रभावी असते. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे. त्यानंतर चौकटीला गंजरोधक रंग देऊन तिच्याभोवती अर्ध्या विटेची भिंत सुमारे १०५ सेंटिमीटर उंचीपर्यंत बांधावी. आडव्या अँगलचा दर्शनी भाग विटांच्या दर्शनी भागाशी समपातळीत ठेवावा, म्हणजे ब्रॅकेट आणि लोखंड यांच्यात फक्त गिलावा आणि टाइल एवढाच थर राहतो. वरती साबण आणि आरसा ठेवण्यास आयती फळी मिळते.

वीट, ब्लॉक आणि शहरातील पडदे

नऊ इंची पक्क्या विटेची भिंत हा बेसिनचा सर्वांत चांगला सोबती. तिच्यात जाड नायलॉनच्या गिट्ट्या घालून १० मिलिमीटरचे बोल्ट बसविता येतात. पोलादी फाकणारे अँकर काँक्रीटसाठी उत्तम असले तरी विटेत ते आवळताना वीट आतून तडकण्याची भीती असते. भुसभुशीत विटेत रासायनिक चिकट मसाला भरून बोल्ट बसविणे अधिक विश्वासार्ह. मात्र छिद्रातील भुकटी ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढल्याशिवाय हा मसाला विटेला धरत नाही. अनेक ठिकाणी हीच एक पायरी गाळली जाते.

अर्ध्या विटेच्या भिंतीत एवढी खोली मिळत नाही. तेथे बोल्ट आरपार न्यावेत आणि पलीकडच्या बाजूला प्रत्येक बोल्टखाली १० सेंटिमीटर लांब-रुंद, ६ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी ठेवावी. गिलाव्यात थोडी खोबण करून पट्टी आत बसविल्यास वरून गिलावा करता येतो. हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीलाही आरपार बोल्ट हाच उपाय निर्धास्त. अशा ब्लॉकमध्ये साधी गिट्टी पहिल्या दिवशी पक्की वाटते, पण वारंवार हादरे बसून छिद्र हळूहळू मोठे होते. ब्लॉकमध्ये ड्रिल करताना हातोड्याचा झटका मुळीच वापरू नये.

शहरातील कार्यालये आणि नव्या फ्लॅटमध्ये जिप्सम बोर्डचे पडदे आढळतात. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड बेसिन पेलू शकत नाही, मग गिट्टी कोणतीही असो. आतल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या कोठे आहेत ते साध्या लोहचुंबकाने कळते, कारण बोर्डाचे स्क्रू त्याच पट्ट्यांत असतात. परंतु त्या पातळ पत्र्याच्या पट्ट्याही एकट्या पुरेशा नसतात. बोर्ड उघडून दोन पट्ट्यांच्या मध्ये पाणी सोसणाऱ्या १८ मिलिमीटर प्लायवूडची आडवी फळी घट्ट बसवावी किंवा खाली जमिनीवर टेकणारी तयार पोलादी चौकट घ्यावी. बोर्ड लावण्याआधी हे काम अर्ध्या तासाचे असते. टाइल लागल्यानंतर तेच काम भिंत फोडण्याचे होते.

मापे कागदावरून नव्हे, बेसिनवरून

आधार पक्का झाल्यावर मांडणी. बेसिनची वरची कड तयार फरशीपासून साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर उंचीवर ठेवतात. घरात बसून वावरणारी वृद्ध व्यक्ती किंवा लहान मुले अधिक असतील, तर थोडी खाली. भिंतीवर मध्यरेषा आणि कडेची आडवी रेषा पाणसळीने आखून घ्यावी.

छिद्रांची मापे माहितीपत्रकावरून घेऊ नयेत. चिनी माती भट्टीत भाजताना आकसते आणि एकाच नमुन्याच्या दोन बेसिनांत काही मिलिमीटरचा फरक राहतो. बेसिन गादीवर पालथे घालून त्याच्या मागच्या बाजूचा जाड कागदावर छाप घ्यावा आणि तोच भिंतीवर लावून खुणा कराव्यात. टाइलवर बिट घसरू नये म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावावी. छिद्र टाइलच्या कडेपासून दोन सेंटिमीटर तरी आत असावे.

बेसिनआधी सिमेंटची पोती

ब्रॅकेट बसल्यावर लगेच बेसिन चढविण्याचा मोह टाळावा. आधी भिंतीची परीक्षा घ्यावी. त्यासाठी लागणारे साहित्य बांधकामाच्या जागी हजर असते. सिमेंटचे भरलेले पोते ५० किलोचे असते. ब्रॅकेटच्या दोन्ही हातांवर मजबूत फळी बांधून तिच्यावर एकेक करून तीन पोती, भिंतीला टेकवून, आडवी ठेवावीत. पोत्यांचा मध्य भिंतीपासून साधारण २० सेंटिमीटरवर येतो. १५० गुणिले २० म्हणजे ३०००. बेसिनच्या कडेवर पूर्ण भाराने टेकलेल्या माणसाच्या हिशेबाशी हा आकडा जवळजवळ जुळतो. पोती ठेवताना खाली पाय नकोत. फळीखाली एक इंच अंतर ठेवून विटांची चळत रचावी, म्हणजे काही निसटलेच तर ती झेलते.

पोती ठेवण्यापूर्वी ब्रॅकेटच्या पट्टीच्या वरच्या कडेला लागून टाइलवर पेन्सिलची बारीक रेघ ओढावी. रात्रभर भार ठेवून सकाळी तीन गोष्टी पाहाव्यात. पट्टी रेघेच्या खाली सरकली आहे काय, पट्टीची वरची कड आणि टाइल यांच्यात पोस्टकार्ड शिरण्याइतकी फट पडली आहे काय, आणि बोल्टभोवतीच्या टाइलवर केसाएवढा तडा गेला आहे काय. तिन्हींचे उत्तर नाही असे असेल, तर भिंत पास. एकाचेही उत्तर होय असेल, तर नट आणखी आवळून चालत नाही. आवळल्याने फट बुजते, पण गिट्टी बाहेरच ओढली जाते. बोल्ट काढून आधाराचा नव्याने विचार करावा लागतो. मागच्या भिंतीत थेट बोल्ट घालून बसणाऱ्या बेसिनसाठी हात नसतात. तेथे परीक्षेपुरता लोखंडी पट्टीचा काटकोनी ब्रॅकेट त्याच बोल्टांवर चढवून हीच चाचणी घेता येते.

बेसिन चढविताना चिनी माती आणि धातू यांच्यात रबर किंवा प्लॅस्टिकचे वॉशर हवेतच. नट हाताने आवळून पाना अर्धा फेरा फिरवावा. त्याहून अधिक जोराने चिनी माती छिद्राभोवती तडकते आणि तो तडा कित्येकदा महिन्यांनी दिसतो. बेसिन आणि टाइल यांच्यातील फटीत पांढरे सिमेंट भरण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती सोडलेली बरी. सिमेंट कडक होते आणि काळ्या मातीच्या जमिनीवरील घरे उन्हाळ्या-पावसाळ्यात किंचित हलत असल्याने ते फुटून पाण्याला वाट देते. सिलिकॉनचा लवचीक थर ही हालचाल सोसतो.

बसविल्यानंतर पहिल्या महिन्याने आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याअखेरीस बेसिनच्या वरच्या कडेची सिलिकॉनची रेषा पाहावी. ती भिंतीपासून सुटू लागली असेल, खाली टाइलवर गंजाचा तांबूस ओघळ दिसत असेल किंवा बेसिन हाताने वर उचलताना किंचित डुलत असेल, तर वरचे बोल्ट सैल होत आहेत. अशा वेळी पाणी बंद करून बेसिन उतरवून ठेवावे आणि बोल्टमागची भिंत पुन्हा तपासावी. खालून विटांचा किंवा लाकडाचा टेकू देऊन बेसिन वापरत राहणे सुरक्षित नाही. टेकू सरकताच सारा भार त्याच दोन सैल बोल्टांवर येतो.